एका गिऱ्हाइकाची तीन खाती

पौड रस्त्यावरच्या एका किराणा दुकानाचं उदाहरण घेऊ. दुकान, गिऱ्हाईक आणि आकडे मी समजावण्यासाठी बांधले आहेत, पण त्यातला प्रत्येक घोटाळा दुकानांच्या संगणकातले हिशेब निस्तरताना माझ्या हातून गेलेला आहे.

या दुकानात सुनीता कुलकर्णी नावाच्या बाई बऱ्याच वर्षांपासून माल घेतात. सुरुवातीला त्या स्वतः दुकानात यायच्या. तेव्हा गल्ल्यावरच्या मुलाने ‘सौ. कुलकर्णी बी-7’ असं नाव टाकून 1042 क्रमांकाचं खातं उघडलं. पुढे 2020च्या टाळेबंदीत त्या फोनवर यादी सांगू लागल्या. फोन घेणारा मुलगा नवा होता. त्याने ‘सुनीता कुलकर्णी’ असं शोधलं, सापडलं नाही, म्हणून 3817 क्रमांकाचं नवं खातं केलं. नंतर दुकानाचं ॲप आलं. त्यावर बाईंनी स्वतःच ई-मेल टाकून नोंदणी केली आणि 5290 क्रमांकाचं तिसरं खातं तयार झालं. म्हणजे माणूस एक आणि दुकानाच्या दृष्टीने गिऱ्हाइकं तीन.

दिवाळीआधी मालक उधारीची यादी काढतात आणि बाईंना 3,450 रुपयांचा निरोप जातो. बाई म्हणतात, ‘अहो, तेलाचा डबा परत केला होता त्याचे 500 माझे तुमच्याकडे जमा आहेत ना?’ मालक 1042 उघडून बघतात, तिथे काही दिसत नाही. दिसणार कसं? ते 500 रुपये 3817मध्ये जमा आहेत. इथे मालक म्हणतात, ‘ही तिन्ही खाती एक करून टाका.’ करायला हवंच. पण बहुतेक दुकानांत हे काम ज्या पद्धतीने होतं, ती पद्धत चुकीची आहे. सगळ्यांत बरं दिसणारं एक खातं ठेवतात आणि बाकीची दोन पुसतात.

खातं म्हणजे नाव, फोन आणि पत्त्याचा एक कागद असं आपल्याला वाटतं. संगणकात तो कागद जवळजवळ रिकामा असतो. मोल असतं ते त्याच्या क्रमांकाला. प्रत्येक बिलावर, जमा-नावेच्या प्रत्येक ओळीवर, साठवलेल्या प्रत्येक पत्त्यावर हा क्रमांक लिहिलेला असतो आणि त्यावरूनच ते कुणाचं हे कळतं. 1042 पुसलं की त्या क्रमांकाची 212 बिलं कुणाचीच राहत नाहीत. काही प्रणालींत ती ‘अज्ञात ग्राहक’ या नावाखाली जाऊन पडतात. काहींची रचना तर अशी असते की खातं पुसताच त्याला लटकलेली बिलंही त्याच्याबरोबर पुसली जातात. म्हणून एकत्रीकरणाचा पहिला नियम असा, की काहीही पुसायचं नाही. जे जुन्या क्रमांकांना लटकलेलं आहे ते सगळं एका क्रमांकावर उचलून टांगायचं आणि जुने क्रमांक पाटीसारखे उभे ठेवायचे, ‘आता 5290कडे जा’ असं सांगणारे.

पण त्याआधी एक अवघड प्रश्न सोडवावा लागतो. ही तीन खाती खरंच एकाच बाईंची आहेत का?

मोबाइल क्रमांक जुळला म्हणजे माणूस तोच, असं समजून चालणारी दुकानं खूप आहेत. आपल्याकडे एका मोबाइलवर अख्खं घर चालतं. आईच्या नावाचं खातं, पण निरोप मुलाच्या फोनवर, अशी उदाहरणं प्रत्येक दुकानात सापडतील. शिवाय बंद पडलेला क्रमांक कंपनी कायमचा राखून ठेवत नाही. किमान 90 दिवस गेल्यावर तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. 2019 साली एका क्रमांकावर माल मागवणारा माणूस आणि आज त्याच क्रमांकावरून बोलणारा माणूस यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसू शकतो.

नावाचं तर विचारू नका. लग्नानंतर आडनाव बदलतं. कुणी आडनाव आधी सांगतं, कुणी नंतर. रोमन लिपीत कुणी वाघ हे आडनाव Wagh लिहितं, कुणी Vagh. उच्चारावरून नावं जुळवायची साउंडेक्स नावाची एक जुनी युक्ती आहे. तिचं पेटंट अमेरिकेत 1918 साली दिलं गेलं आणि आजही पुष्कळ प्रणालींत ती तयार मिळते. ती नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे आकडे करते. त्यामुळे Wagh होतो W200 आणि Vagh होतो V200. युक्तीच्या लेखी ही दोन वेगळी माणसं! ती इंग्रजी वळणाच्या आडनावांसाठी बांधलेली आहे, आपल्या आडनावांवर विसंबून वापरण्याजोगी नाही.

देवनागरीत लिहिलं म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. ‘गिऱ्हाईक’ या शब्दातलाच अर्धा र घ्या. तोच र गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडे या आडनावांत येतो. संगणकात तो किमान तीन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर म्हणून, साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह म्हणून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक तिन्ही वेगळे धरतो. पहिल्या दोन तऱ्हा एकरूप करायची प्रमाण पद्धत युनिकोडमध्ये आहे, तिसरी मात्र तिच्यात येत नाही. ती वेगळी हाताळावी लागते. एका ठिकाणी हे लक्षात येईपर्यंत आमची दोन दिवस शोधाशोध झाली होती. यादीत नाव डोळ्यांसमोर होतं आणि शोधलं की ‘सापडलं नाही’.

या जुळवाजुळवीचं शास्त्र बरंच जुनं आहे. इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर या कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या दोघांनी 1969 साली त्याची मांडणी केली. तिचा गाभा आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. प्रत्येक जुळणीचं वजन सारखं नसतं. पुण्यात दोन खात्यांवर ‘कुलकर्णी’ सापडलं तर त्यातून फारसं काही कळत नाही. विरळा आडनाव दोन्हीकडे सापडलं, तर पुष्कळ कळतं. प्रत्येक रकान्याचं वजन धरून बेरीज केली की खात्यांच्या जोड्यांचे तीन ढीग होतात. नक्की एकच, नक्की वेगळी, आणि मधला संशयाचा ढीग. हा मधला ढीग माणसाने बघायचा असतो. यंत्राकडून तो निकालात काढून घेण्याची घाई जिथे होते, तिथे नुकसान होतं.

ते नुकसान मी एकदा पाहिलं आहे. औषधाचं दुकान होतं. ‘एस. देशपांडे’ नावाची दोन खाती, फोन एक, इमारत एक, सदनिकाही एकच. आम्ही ती एक केली. निघाले बाप आणि मुलगा. वडिलांनी ॲप उघडलं तर मुलाच्या औषधांची दोन वर्षांची यादी त्यांच्यासमोर. मुलाने ती घरात सांगितलेली नव्हती. पैसे चुकले असते तर परत देता आले असते. हे परत घेता आलं नाही. त्या दिवसापासून मी स्वतःसाठी नियम केला आहे. फोन, नाव आणि पत्ता तिन्ही जुळले तरी औषधांच्या किंवा उधारीच्या खात्यांना गिऱ्हाइकाला एक फोन केल्याशिवाय हात लावायचा नाही.

व्यापारी गिऱ्हाईक असेल तर जीएसटी क्रमांक कामाला येतो, पण तोही नीट वाचावा लागतो. 15 अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची असतात, पुढची दहा म्हणजे पॅन. कोल्हापूर आणि पणजी अशा दोन्ही ठिकाणी एकाच मालकाचं हॉटेल असेल, तर पॅन सारखा दिसेल, पण एक क्रमांक 27ने सुरू होईल आणि दुसरा 30ने. ही दोन खाती एक करायची नसतात. कर भरण्याच्या दृष्टीने ती वेगवेगळीच आहेत.

आता सुनीताताईंकडे वळू. दुकानातून फोन गेला, त्यांनी सांगितलं की तिन्ही खाती आपलीच. मग ठेवायचा क्रमांक कोणता? सर्वांत जुना, असं उत्तर पटकन येतं. पण 5290वर त्यांचा ॲपचा प्रवेश आणि परवलीचा शब्द बांधलेला आहे. तो क्रमांक निवृत्त केला तर उद्या त्यांना ॲपमध्ये शिरता येणार नाही, किंवा त्या चौथं खातं उघडतील. म्हणून 5290 ठेवायचा.

रात्री दुकान बंद झाल्यावर, घरपोच माल घेऊन कुणी बाहेर नसताना हे काम करावं. आधी सगळ्या माहितीची प्रत काढून बाजूला ठेवायची. प्रणालीच्या आत जे घडतं ते थोडक्यात असं दिसतं:

```sql
BEGIN;
UPDATE orders SET customer_id = 5290
  WHERE customer_id IN (1042, 3817);
UPDATE ledger SET customer_id = 5290
  WHERE customer_id IN (1042, 3817);
UPDATE addresses SET customer_id = 5290
  WHERE customer_id IN (1042, 3817);
UPDATE customers SET merged_into = 5290, active = 0
  WHERE id IN (1042, 3817);
COMMIT;
```

पहिली आणि शेवटची ओळ महत्त्वाची. या दोन ओळींमधलं सगळं होईल, किंवा काहीच होणार नाही. मध्येच वीज गेली तरी बिलं इकडे आणि उधारी तिकडे अशी अर्धवट अवस्था राहत नाही. मधल्या ओळी बिलं, खतावणी आणि पत्ते उचलून नव्या क्रमांकावर टांगतात. त्यानंतरची ओळ जुन्या खात्यांवर पाटी लावते. यात पुसणं कुठेही नाही.

एक गोष्ट मात्र या नमुन्यात दाखवलेली नाही आणि ती आधी करावीच लागते. हलवण्यापूर्वी प्रत्येक बिलाचा आणि प्रत्येक ओळीचा मूळ खाते क्रमांक एका वेगळ्या नोंदवहीत उतरवून ठेवायचा. सगळं 5290 झाल्यावर कुठलं बिल 1042चं होतं हे विचारायला जागा उरत नाही. देशपांडे बाप-लेकांची खाती आम्हाला पुन्हा वेगळी करावी लागली, तेव्हा ही वही नव्हती. प्रत्येक पावती बघून दोघांना विचारत बसावं लागलं.

बिलांच्या मजकुराला हात लावायचा नाही हेही इथेच सांगते. जुन्या बिलावर ‘सौ. कुलकर्णी बी-7’ छापलेलं असेल तर ते तसंच राहिलं पाहिजे. बदलतो तो फक्त आतला दुवा. दिलेलं बिल हा कराचा दस्तऐवज आहे आणि जीएसटी कायद्याप्रमाणे तो वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावा लागतो. खाती एक झाली म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या बिलाचा क्रमांक, नाव किंवा पत्ता बदलला तर दुकानातली प्रत आणि गिऱ्हाइकाच्या हातातली प्रत वेगळी होते.

आता बाकी. इथे सर्वाधिक चुका होतात आणि त्या महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाहीत.

1042ची बाकी 3,450 येणे. 3817मध्ये 500 जमा. 5290वर सगळे पैसे यूपीआयने जागच्या जागी दिलेले, म्हणून बाकी शून्य. खरा हिशेब 3,450 वजा 500, म्हणजे 2,950 येणे. काही प्रणाली राहणाऱ्या खात्याची बाकी धरतात आणि बाकीच्यांची सोडून देतात. तसं झालं तर बाईंची उधारी एका झटक्यात शून्य होते आणि दुकानाचे पैसे बुडतात. कुणी हाताने बेरीज करतं आणि येणे-देणे न बघता 3,950 लिहून ठेवतं. मग बाईंचे एकदा गेलेले 500 दुसऱ्यांदा जातात. म्हणून बाकीचा आकडा कधीही उचलून ठेवू नये. ओळी उचलाव्यात आणि बाकी त्या ओळींतून पुन्हा काढावी.

असं सगळं बरोबर केलं तरी आमच्या उदाहरणात 5290ची बाकी 2,950 येत नाही. ती येते 1,750. बाराशे रुपये गेले कुठे?

1042ची खतावणी उघडली तर बिलं 41,750ची आहेत आणि जमा 39,500. फरक 2,250. पण खात्याची बाकी तर 3,450 होती. उरलेले 1,200 आले होते जुन्या वहीतून. दुकानात संगणक आला त्या दिवशी बाईंची वहीतली उधारी 1,200 होती आणि ती ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून थेट खात्याच्या कागदावर एका रकान्यात भरली गेली. खतावणीत तिची ओळ कधी पडलीच नाही. आपण ओळी हलवल्या, रकाना 1042वरच राहिला. 1042 आता बंद, म्हणून उधारीच्या यादीतही येत नाही. पैसे अशा जागी जाऊन बसले की तिथे कुणी बघायला जाणारच नाही.

हे टाळायचं तर आरंभीच्या शिलकेची आधी खतावणीत रीतसर ओळ करायची, तिची मूळ तारीख टाकून, आणि रकाना शून्य करायचा. मगच हलवाहलव. असा रकाना राहून गेला की नाही, हे ओळखायची एक पद्धत मला कधीच दगा देत नाही. काम सुरू करण्याआधी अख्ख्या दुकानाचं एकूण येणं, जमा रकमा वजा करून, काढून ठेवायचं. समजा ते 4,86,220 आहे. एकत्रीकरणानंतर पुन्हा काढायचं. खाती एक केल्याने कुणी पैसे दिले नाहीत आणि कुणी माल नेला नाही, म्हणून आकडा रुपयाभरही हलता कामा नये. तो 4,85,020 आला तर फरक 1,200 आहे आणि आरंभीच्या शिलकांमध्ये 1,200 शोधायला लागायचं. तसंच बिलांचं. 212, 64 आणि 38 मिळून 314. नव्या खात्यावर 314च दिसली पाहिजेत.

ॲपवरचे 240 गुण हे पैसे नाहीत, त्यांची मुदत असते. म्हणून तेही एकगठ्ठा आकडा म्हणून न आणता, कधी मिळाले आणि कधी संपतात या तारखांसह आणावेत. उधारीची मर्यादा मात्र आपोआप ठरवू नये. एका खात्यावर 5,000 आणि दुसऱ्यावर 2,000 असेल तर बेरीज 7,000 होत नाही. मालकाने कुणाला किती उधार द्यायचं हा त्याचा निर्णय आहे, त्याला विचारायचं.

पत्त्यांचं काम बाकीपेक्षा सोपं वाटतं. मला ते जास्त नाजूक वाटतं.

बाईंच्या तीन खात्यांवर मिळून चार पत्ते आहेत. दोन त्यांच्या घराचे: ‘बी-7, पौड रोड’ आणि ‘बी/7, पेट्रोल पंपामागे, पौड रस्ता’. तिसरा त्यांच्या आईचा, कर्वेनगरला. दर महिन्याला आईचा किराणा तिथे जातो. चौथा त्यांच्या कार्यालयाचा. घराचे दोन पत्ते एकच आहेत, म्हणून एक काढावासा वाटतो. पण दुसऱ्या पत्त्याखाली एक सूचना आहे: ‘दुपारी बेल वाजवू नये, पिशवी वॉचमनकडे द्यावी.’ आणि पहिल्यावर पिनकोड बरोबर आहे, दुसऱ्यावर तो नाहीच. म्हणजे एक निवडायचा नाही, दोघांतलं उपयोगाचं एकत्र करून एक पूर्ण पत्ता लिहायचा आणि तो बाईंना दाखवायचा.

त्याआधी तपासायचं की जुनी बिलं पत्ता कसा धरतात. चांगल्या प्रणालीत बिल होताना त्या वेळचा पत्ता बिलातच उतरवला जातो. पुष्कळ ठिकाणी मात्र बिलात फक्त ‘पत्ता क्रमांक अमुक’ अशी खूण असते. तसं असेल तर यादीतला पत्ता काढला की जुन्या बिलांवरचा पत्ता कोरा होतो, आणि पत्ता दुरुस्त केला की पूर्वीचा माल कुठे पोचला याची साक्षच बदलते. अशा प्रणालीत जुना पत्ता पुसू नये, यादीतून नुसता लपवावा.

एक खूण सगळेच विसरतात, नेहमीच्या पत्त्याची. प्रत्येक खात्यावर एक पत्ता ‘नेहमीचा’ म्हणून ठरलेला असतो. 1042 आणि 3817वर घर, 5290वर आईचं घर, कारण ॲपवरून त्या बहुतेक आईसाठीच मागवत असत. खाती एक झाली की तीन नेहमीचे पत्ते होतात आणि प्रणाली त्यातला पहिला सापडेल तो घेते. दुसऱ्या दिवशी सुनीताताई फोनवर दूध-भाजी मागवतात आणि पिशवी कर्वेनगरला जाते. आई फोन करून विचारते, ‘हे कशाला पाठवलंस?’ म्हणून नेहमीचा पत्ता एकच ठेवायचा आणि तो कोणता हे गिऱ्हाइकालाच विचारून ठरवायचं.

खाती एक झाल्यावर साधारण पंधरा दिवस त्या पाट्यांवर लक्ष ठेवावं. घरपोच देणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये जुनी यादी असते, त्यात अजून 3817 असतं. बाईंच्या पाकिटात 1042चं छापील कार्ड असतं. त्या जुन्या क्रमांकावर बिल पाडायचा प्रयत्न झाला की ते गुपचूप 5290वर गेलं पाहिजे. पाटी नसेल तर प्रणाली एक तर नकार देते किंवा नवं खातं करते, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. गल्ल्यावरच्या मुलालाही एवढं सांगावं, की नवं खातं उघडण्याआधी नाव, फोन आणि इमारत, तिन्हींनी शोधून बघ.

तुम्ही स्वतः गिऱ्हाईक असाल आणि दुकानाने कळवलं की ‘तुमची खाती एकत्र करत आहोत’, तर होकार देण्याआधी प्रत्येक खात्याचा उतारा मागून घ्या. काम झाल्यावर तीन गोष्टी स्वतः बघा: बाकी बेरीज-वजाबाकीशी जुळते का, नेहमीचा पत्ता तुमचाच आहे का, आणि तुमचं सर्वांत जुनं बिल उघडलं की त्यावरचं नाव आणि पत्ता तेव्हाचाच दिसतो का. यातलं एकही जुळलं नाही तर त्याच आठवड्यात सांगा. मूळ क्रमांकांची वही दुकानाने ठेवली असेल, तर ते खातं तासाभरात पूर्ववत होतं.